झुंबर आबांच्या मातीचा उपदेश

झुंबर आबा पहाटे गेले आणि उन्हं अंगणात उतरेपर्यंत त्यांच्या मातीला करायचा उपदेश अर्ध्या वस्तीनं रचून ठेवला होता. ज्यानं तो करायचा, तो सिद्धू मात्र गोठ्यामागच्या बाभळीखाली शाळेची पाटी मांडीवर घेऊन बसला होता आणि पाटी कोरी होती.

बारामतीच्या मिशनचे गोरे साहेब उन्हाळ्याचे महाबळेश्वरला. इंदापूरचे पाळक तापानं अंथरुणाला खिळलेले. मे महिन्यात मढं ठेवून घेणं म्हणजे देवाची आणि माणसाची दोघांची परीक्षा. तेव्हा दिवस मावळायच्या आत माती द्यायची, आणि ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक म्हणून सिद्धूनंच बोलायचं, हे ठरून गेलं. स्वतःच्या बापावर उपदेश करायची वेळ कुणा उपदेशकावर येऊ नये. आली तर निदान तो बाप झुंबर आबांसारखा नसावा.

कारण झुंबर आबा नेमके कुणाचे, हे त्यांच्या हयातीतही कुणाला सांगता आलं नव्हतं. जातीचे धनगर. नीरेच्या कालव्याचं पाणी माळेगावच्या शिवारात आलं तशी त्यांनी मेंढरं विकली आणि ऊस-वांगी लावली. धाकटा लेक मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाला तेव्हा वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नाही. मग एके दिवशी उठले आणि म्हणाले, "मला बी घाला त्या पाण्यात." साहेबांनी विहिरीत उतरून त्यांना बुडवलं. आबा पाण्यातून वर आले, नाकातोंडातलं पाणी झटकलं आणि काठावरच्या सगळ्या मंडळीसमोर खणखणीत आवाजात ओरडले, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

साहेबांनी विचारलं, हा काय म्हणतो? कुणीतरी म्हणालं, आनंद झालाय त्याला. ते काही खोटं नव्हतं.

"सिद्धूभावजी," सरुबाईनं चहाचा कप बाभळीच्या मुळावर ठेवला. ही थोरल्या भावाची, कुंडलिकची बायको. रडून डोळे लाल झाले होते, पण आवाज धारदार होता. "मी काय शिकल्यासवरल्यांला सांगायची? पर एक वाक्य घाला. मधी कुटंतरी. की थोरल्या सुनंनं शेवटपातुर हागणंमुतणं काढलं."

"वहिनी, उपदेशात हागणंमुतणं?"

"मंग 'सेवा' म्हना! तुमच्या पोथीत शब्द न्हाय व्हय?" ती दोन पावलं गेली, परत आली. "आन् आकाडात लुगडं फाटलं तवा आबांनी ननंदंला घिऊन दिलं, मला न्हाय, हे घालायचं नसलं तर नगा घालू. म्या काय तसं मनात धरलं न्हाय."

सिद्धूनं चहा पिऊन टाकला. पाटी तशीच कोरी.

*

मग भीमा मास्तर आले. मंडळीचे पंच, पांढरं धोतर, कडक इस्त्री, सत्य सांगताना एक बोट वर. त्यांनी आबांचं दर्शन घेतलं, आबांच्या बायकोला, फुलाबाईंना नमस्कार केला आणि तडक गोठ्यामागं आले.

"लिही," ते म्हणाले. "साहेबांची रीत तीन अंगांची. पहिलं, मेलेला कोण होता. थोडक्यात. दुसरं, शास्त्रात वचन काय. खोलात. तिसरं, ऐकणाऱ्यांनी काय करावं. जोरात."

"मास्तर, ऐकणारे निम्मे माझ्या भावकीतले. खंडोबाचे."

"म्हणूनच जोरात. असा मोका परत येतो का रे? सगळं गोत एका अंगणात, तेही गप्प."

सिद्धू लिहीत गेला. मृत्यूनंतर न्याय. तारण एकाच नावात. आज निवड करा, उद्या उशीर. खोटं त्यात काहीच नव्हतं, सगळं शास्त्रात होतं. तरी हात जड पडत होता. हे सगळं तो आतापर्यंत बाजारात, अनोळखी तोंडांपुढं बोलला होता. इथं समोरच्या ओळीत आई असणार होती.

"आणि ती विहिरीची गोष्ट," मास्तर उठता उठता म्हणाले, "ती नको. लोक हसतात. वधस्तंभाच्या बाजूला हसू शोभत नाही."

"लोकांना ती तोंडपाठ हाय, मास्तर."

"म्हणून तर नको. दुपारनं येतो. वाचून दाखव."

*

सिद्धूची बायको चंद्रा लेकीला मांडीवर झुलवत होती आणि एका डोळ्यानं गोठ्याकडं बघत होती. ती इंदापूरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. चार बुकं नवऱ्याइतकीच शिकलेली, पण ती कुठं लपवायची हेही शिकलेली. मांडीवर घेतलेल्या रूथच्या डोक्यावरून तिचा हात फिरत होता. आबा पोरीला 'रुती' म्हणायचे. पहाटे त्यांच्या अंगावर चादर ओढली तेव्हा पोर त्या चादरीकडं बघून हसली होती. आबा रोज चादरीआड तोंड लपवून तिला 'भ्याँ' करायचे. पोर बराच वेळ वाट बघत राहिली. ते आठवलं की चंद्राच्या छातीत दूध दाटून यायचं आणि डोळ्यांत पाणीही.

ती पोर घेऊन बाभळीखाली गेली, पाटी वाचली आणि म्हणाली, "अहो, हे कुणाला सांगायचंय?"

"सगळ्यांला."

"आबांना?"

"आबा गेले की गं."

"मग त्यांचा निवाडा कशाला? सासूबाईंना सांगायचंय?"

सिद्धू बाभळीचा काटा मोडत बसला.

"आमच्या बोर्डिंगच्या बाई म्हणायच्या, मातीचा उपदेश जिवंतांसाठी. मेलेल्याला देवाच्या हातात द्यायचं आणि आपण बोट काढून घ्यायचं. त्याला वर चढवायचं नाही, खाली ढकलायचं नाही. आणि त्याच्याविषयी खोटं तर मुळीच बोलायचं नाही, कारण समोर बसलेले त्याला आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. एकदा खोटं सापडलं, की पुढचं देवाचं वचनही त्यांना खोटं वाटतं."

"आन् मास्तर म्हनत्यात त्याचं काय? पुनरुत्थानाचं सांगायचंच न्हाय का? मंग ह्यो उपदेश कसला? समाचाराला आलेला पाव्हना बी एवढं बोलंल."

"ते सांगायचंच. ते गाळलं तर आपण चोर." चंद्रानं पाटी खाली ठेवली. "पण ते दार आहे. मास्तरांनी त्याची काठी केलीय."

तेवढ्यात तिला पदर सावरायचा होता. तिनं रूथला खाली बसवलं, अगदी पाटीवर. पोरीच्या अंगावर लंगोट नव्हता. चंद्राला ते ठाऊक होतं. पदर सावरायला तिला अंमळ जास्तच वेळ लागला.

सिद्धूनं पोर उचलली तेव्हा न्याय, तारण आणि उद्याचा उशीर, तिन्ही अंगं वाहून गेली होती.

"चंद्रा," तो म्हणाला.

"अगं बाई," चंद्रा म्हणाली. "पोरीनं पुसलं की हो."

पहाटेपासून पहिल्यांदाच सिद्धूला हसू आलं, आणि हसता हसता तो रडायला लागला. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. पोर ओल्या पाटीवर हात आपटत होती.

*

कुंडलिक ताटी बांधायला बांबू तासत होता. धाकटा येऊन उभा राहिला, तरी त्यानं मान वर केली नाही. सिद्धू ख्रिस्ती झाला तेव्हा भावकीनं त्याला वाळीत टाकलं. आबाही ख्रिस्ती झाले तेव्हा सगळ्या घरालाच टाकायला निघाले होते. कुंडलिकनं पंचायतीत हातापाया पडून, दंड भरून घर राखलं होतं. ते कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणूनच ते त्याच्या घशात अडकून होतं.

"खांदा मी देणार," तो म्हणाला. "लोक कायबी म्हनू द्या. बाप माजा हाय. पर एक सांगतो, सिद्ध्या. तुज्या बोलन्यात आमच्या देवाला नाव ठिवलंस, तर ताटी तितंच खाली ठिवीन. मंग न्या तुमच्या पंचांनी."

"न्हाय ठेवनार."

"आन् आयेला एवढं सांग, की तिला आबा भेटंल वर. सकाळधरनं एकच घोकतीया."

"दादा, ते मी कसं सांगू?"

कुंडलिकनं कोयता खाली ठेवला. "का? जीभ झडती का तुजी? एक शब्द. म्हातारीला रातीला झोप लागंल."

"उद्याच्याला तीच इचारंल, कशावरनं सांगितलंस. मंग मी काय सांगू? मला ठावं न्हाय, पर दादानं सांगितलं?"

"मंग तुजं हे समदं शिक्शान कशाला?"

"तेच इचारतोय मी सकाळधरनं," सिद्धू म्हणाला.

कुंडलिकनं भावाकडं नीट बघितलं. हा पोरगा खोटं बोलत नाही, ही त्याची खोड लहानपणापासूनची. वांगी चोरली की आधी स्वतःच येऊन सांगायचा आणि दोघांना मार बसायचा. कुंडलिकला अजून त्याचा राग होता.

"बांबू धर तिकडनं," तो म्हणाला.

*

फुलाबाई आबांच्या उशाशी बसल्या होत्या. समाचाराच्या बाया गळा काढत होत्या, त्या मात्र गप्प होत्या. आबांवर त्यांचा राग होता. चाळीस पावसाळे एका वाकळेत काढले, मेंढरांमागं कळंबच्या माळावर उन्हात पोरं जन्माला घातली, आणि म्हातारपणी हा गडी त्यांना न विचारता एका विहिरीत उतरला. त्यानंतर एक फिरता ख्रिस्ती उपदेशक येऊन गेला होता, बाहेरगावचा. त्यानं सरळ सांगितलं, "बाई, शेवटच्या निवाड्याला मेंढरं उजवीकडं, शेळ्या डावीकडं. तुमचा मालक उजवीकडं, तुम्ही डावीकडं." तेव्हापासून फुलाबाई आबांच्या डाव्या अंगाला झोपत नव्हत्या.

सिद्धू आत आला तशा त्यांनी बायांना हातानंच बाहेर घालवलं.

"हितं बस. पोथीतलं बोलू नगंस. त्यो मला भेटंल का?"

सिद्धू खाली मान घालून बसला. आईला खोटं सांगणं सोपं होतं. तिला खरं म्हणून मास्तरांची पाटी वाचणं आणखी सोपं होतं. दोन्हींनी सुटका झाली असती, ती त्याची. तिची नाही.

"मला ठावं न्हाय, आये," तो म्हणाला.

फुलाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "मंग कुनाला ठावं हाय?"

"ज्याच्या हाती आबाला देतोय त्याला."

"त्यो कसा हाय?"

हा प्रश्न साहेबांनी कधी परीक्षेत विचारला नव्हता. सिद्धू उठला. "तेच सांगतो, अंगणात. समद्यांम्होरं. थांब जरा."

बाहेर येताच त्यानं दोन गोष्टी पक्क्या केल्या. उपदेश अंगणातच, कबरीपाशी नाही. धनगरांच्या बाया मसणात जात नाहीत. तिकडं बोललं तर जिला ऐकायचं तीच ऐकायला नसणार. कबरीपाशी फक्त माती टाकतानाचे शब्द आणि प्रार्थना. दुसरं, वचन एकच घ्यायचं. दहा वचनं म्हणजे दहा बाभळी. सावली एकीचीही नाही.

*

ऊन कलताना ताटी अंगणात ठेवली. एका बाजूला मंडळी, दुसऱ्या बाजूला पागोट्यांची भावकी, मध्ये ताटीएवढी वाट. भीमा मास्तरांनी गीत सांगितलं. मंडळीनं ते म्हटलं. भावकी आकाशाकडं बघत राहिली. सिद्धू उभा राहिला. पाटी हातात नव्हती, हे मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचं बोट आपोआप वर गेलं.

"प्रिय बंधुभगिनींनो," सिद्धूनं सुरुवात केली, "मानवी जीवन हे तृणवत असून..."

"सिद्धू!" उशाशी बसलेल्या फुलाबाई म्हणाल्या. "आबाला कळंल असं बोल."

भावकीतून कुणीतरी खाकरलं. सिद्धूनं श्वास घेतला.

"आबा कसा व्हता, हे मी काय सांगू? तुमाला ठावं हाय. रागीट व्हता. बाजारात मेंढी इकताना वय कळू नये म्हनून तिचा एक दात बोटानं झाकायचा. थोरल्या सुनंनं त्याची लई सेवा केली, पर तोंडानं त्यानं तिला कधी चांगली म्हनली न्हाय. ती व्हती." सरुबाईचा पदर तोंडाला गेला. "आन् बाप्तिस्म्याला त्यो पाण्यातनं वर आला आन् काय वरडला, ते बी तुमाला ठावं हाय."

मास्तरांनी डोळे मिटले. अंगणभर हसू फुटलं, दोन्ही बाजूंनी, आणि ताटीवरून इकडून तिकडं गेलं.

"मी तवा शरमलो. आज सांगतो, लेकरू बोबडं बोललं म्हनून बाप कधी हाकलून देत न्हाय. माजा आबा पन्नाशी वलांडल्यावं नव्यानं बोलाया शिकत व्हता. शिकून पुरं झालं न्हाय. म्हनून मी त्याला माज्या हुशारीवर सोपवत न्हाय. देवाच्या दयंवर सोपवतो."

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. एका गावात दोन बहिणी, त्यांचा एकुलता भाऊ मेलेला. प्रभू येशू त्यांचा दोस्त, पण पोचायला उशीर झाला. थोरली वाटेवरच भांडायला आली: तू असतास तर तो मेला नसता. धाकटी येऊन नुसती पायाशी पडली. "थोरली भांडली तर तिला त्यानं 'गप' म्हनलं न्हाय. तिच्याशी बोलला. धाकटी रडली, तिला त्यानं उपदेश केला न्हाय. तिच्यासंगं रडला. आता बगा, त्या मेल्याल्या भावाला आपन सोताच उठवनार, हे त्याला ठावं व्हतं. तरी बी रडला. ज्याच्या हाती आबाला देतोय, त्यो असा हाय."

फुलाबाईंनी मान वर केली.

"त्या थोरलीला त्यानं सांगितलं, पुन्हा उठनं म्हंजी मीच, जगनं म्हंजी मीच. जो माज्यावर इस्वास ठेवतो, त्यो मेला तरी जगंल. हे मी मानतो. आबा उठनार, ह्याच्यावर मी माजा जलम लावलाय. ह्यातलं एक अक्षर मी कमी करनार न्हाय, समोर माजी भावकी बसली म्हनून."

कुंडलिकची नजर ताटीवर गेली. मास्तरांचे डोळे उघडले. आता तिसरं अंग, जोरात.

"आन् मंग त्यानं तिला इचारलं, तुला हे खरं वाटतंय का?" सिद्धू थांबला. "ह्यो सवाल त्यानं तिला सोताच्या तोंडानं इचारला. वाटंवर, एकटीला. गर्दी करून न्हाय, दुसऱ्याच्या तोंडानं न्हाय. ज्याला इचारायचा त्याला त्योच इचारंल, आज न्हाय तर उद्या. मी त्याच्या तोंडातला सवाल हिसकून घिऊन माज्या आयेवर उगारनार न्हाय. उजवं कोन, डावं कोन, हे माज्याकडं सोपवल्यालं न्हाय. आमेन."

एवढंच. भावकीतल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीनं "आमेन" निघून गेलं आणि तो शेजाऱ्याच्या पायाकडं बघू लागला.

मास्तर सिद्धूजवळ आले. बोट वर होतं. "आवाहन केलं नाहीस," ते हळूच म्हणाले. मग बोट खाली आलं. "पण वचनातलं काही गाळलंही नाहीस. शेवटचा सवाल शास्त्रात प्रभूच्याच तोंडी आहे खरा. इतकी वर्षं मीच तो विचारत आलो."

कुंडलिकनं खांदा दिला. पुढचा उजवा.

ताटी उठली तशा फुलाबाई उठल्या, पदर खोचला आणि मागं चालू लागल्या.

"आये, बाया जात न्हाईत," कुंडलिक मान न वळवता म्हणाला.

"त्याच्या मंडळीतल्या जात्यात. ही चंद्री निघालीच की पोर घिऊन."

"तू त्यांच्यातली न्हाईस."

"न्हाय तर न्हाय. रस्ता काय कुना मंडळीचा हाय?"

कालव्याच्या पलीकडं, दगडी माळावर मंडळीचं कब्रस्तान. माती टाकून झाली, प्रार्थना झाली. माणसं हात झटकत वळू लागली, तेव्हा फुलाबाई ढिगाऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि पायानं जमीन चाचपून बघितली, जसा एखादा वाफा आखावा तसं.

"हितं कुनाला घालू नगा," त्या म्हणाल्या.

भीमा मास्तरांनी घसा साफ केला. कब्रस्तान मंडळीच्या सभासदांचं, हा नियम त्यांनीच साहेबांकडून मंजूर करून घेतला होता. त्यांनी सिद्धूकडं बघितलं. कुंडलिकही बघत होता. आपली आई ह्या माळावर, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. चंद्रा पोरीचं टोपडं बांधण्यात गढून गेली, पण कान इकडंच होते.

"जागा रिकामी ठेवायची, मास्तर," सिद्धू म्हणाला. "रिकाम्या जागेला सभासद व्हावं लागत न्हाय."

मास्तर विचारात पडले. नियमात खरंच तसं काही नव्हतं.

"आन् घाई करू नगा," फुलाबाईंनी दोन्ही लेकांना एकदमच दटावलं आणि आबांच्या ढिगाऱ्यावरचा एक दगड उचलून बाजूला फेकला. "माज्या पाच शेळ्या गाभण हायत."